सव्वा तास आणि सव्वा मिनिट

आमच्या धाराशिवकडे 'जेवायला काय आहे?' असे कुणी विचारीत नाही. 'कशाशी भाकरी आहे?' असे विचारतात. भाकरी गृहीतच असते. ज्वारीची टोपली भरली की घर भरले, ही इकडची जुनी रीत. तेव्हा माझ्या परसात मातीचा तंदूर येऊन बसला, त्या वेळी आळीतल्या बायका तो पाहायला जत्रेला यावे तशा आल्या. एकीने तर 'ह्यात धान्य साठवायचं का?' असेही विचारून घेतले!

तसे पाहिले तर तंदूर आपल्या मुलखाला अगदी परका नाही. हा जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिकडे छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जुन्या औरंगाबादला, नान-खलिया अजून चवीने खातात, आणि त्यातला नान तंदुरात, भिंतीला चिकटवूनच भाजतात. पण तो बाजारातला तंदूर, भटारखान्यातला. घरच्या परसात, लाकडी कोळशावर, घरच्या माणसांपुरत्या रोट्या करायच्या म्हटले की गृहिणी बिचकते. मला भेटणारी प्रत्येक जण दोनच प्रश्न विचारते: 'पेटवल्यावर किती वेळ थांबायचं?' आणि 'रोटी किती वेळ आत ठेवायची?'

उत्तर पाठ करायला सोपे आहे. थांबायचे सव्वा तास आणि भाजायचे सव्वा मिनिट. पण हे उत्तर माझ्या तंदुराचे आहे. तुमच्या तंदुराचे तुम्हांला काढता यावे, म्हणून हे आकडे कुठून येतात ते सांगायला हवे.

भाकरीच तंदूर शिकवते

चुलीवर भाकरी करताना आपण काय करतो ते आठवा. थापलेली भाकरी तव्यावर टाकतो, वरून पाण्याचा हात फिरवतो, उलटतो, आणि मग तवा उतरवून तीच भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी करतो. ती तिथे टम्म फुगते. म्हणजे भाकरीला दोन प्रकारची आच लागते. एक तव्याची, अंगाला अंग लावून मिळणारी. दुसरी निखाऱ्यांची, दुरून मिळणारी.

तंदुरात ह्या दोन्ही आचा एकाच वेळी लागतात. तव्याच्या जागी असते मातीची तापलेली भिंत. रोटीची पाठ तिला चिकटलेली असते आणि तोंड खालच्या निखाऱ्यांकडे असते. पाठ भिंत भाजते, तोंड निखारे भाजतात. दोघांचे काम एकाच क्षणी संपले पाहिजे. तंदूर 'तयार' होणे म्हणजे ह्या दोन आचांचा मेळ बसणे, दुसरे काही नाही.

नवख्याची फसगत इथेच होते. कोळसा वीस-पंचवीस मिनिटांत लालबुंद होतो. वरून डोकावले की डोळे दिपतात, चेहऱ्याला धग लागते, आणि वाटते, झाले तयार! पण तेव्हा निखारे तयार असतात, भिंत नसते. भिंतीचा वरचा पापुद्रा गरम असतो आणि आतली माती कोमटच असते. ओली कणीक तिला लागली की तो पापुद्र्यातला उष्मा क्षणात ओढून घेते आणि मागून भरून द्यायला काही उरत नाही. मातीतून उष्णता फार सावकाश सरकते. माझ्या तंदुराची भिंत सुमारे दीड इंच जाड आहे. ती आरपार मुरायला तासभर लागतो. भिंत दुप्पट जाड असती तर दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट वेळ लागला असता. म्हणून तंदूर घेताना उंचीआधी जाडी विचारा. घरासाठी दीड इंच पुरे. हॉटेलात दिवसभर शेकडो रोट्या निघतात, तिथे जाड भिंत शोभते.

कुंभाराची माती

माझा तंदूर पुष्कळांना मीच बोलून बोलून करवून घ्यावा लागला. ज्या जिल्ह्यातल्या तेरला संत गोरोबाकाका नांदले, तिथे मातीला हात लावणाऱ्यांची वाण नाही, पण तंदूर कुणी केलेला नव्हता. शेवटी एक वयस्क कुंभारमामा तयार झाले. त्यांनी पहिल्यांदा शेतातली काळी माती बाद केली. म्हणाले, 'बाई, ही माती पाणी प्याली की फुगती आन् वाळली की भेगाळती. रानात बघता की न्हाई भेगा? तसाच तुमचा तंदूर उकलंल.' त्यांनी तळ्यातला गाळ आणला, त्यात वाळू आणि घोड्याची लीद मिसळली, आणि शेळीचे केस बारीक कातरून घातले. उस्मानाबादी शेळी आमच्या जिल्ह्याचे नाव देशभर मिरवते, तेव्हा केसांना तोटा नव्हता. लीद जळून गेली की मातीत बारीक छिद्रे राहतात आणि केस ओल्या मातीला बांधून ठेवतात. भिंत तापताना फुगते, निवताना आकसते. त्या ओढाताणीत ही छिद्रे तिला तडकण्यापासून वाचवतात.

आकार माठासारखा, पण बुडाशी उघडा. उंची दोन फूट, पोट सव्वा फूट, तोंड जेमतेम दहा इंच. बुडाशी हवेसाठी तीन इंचांचे भोक. हा माठ एका पत्र्याच्या पिंपात उभा केला आणि मधली जागा राख, वाळू आणि विटांच्या तुकड्यांनी भरली. हे भरण उगीच नाही. ते नसेल तर भिंतीची उष्णता बाहेर निघून जाते आणि कोळसा दुप्पट जळतो.

तंदूर कुंभाराच्या भट्टीत भाजून देत नाहीत. सावलीत वाळवतात आणि भाजणी तुमच्याच घरी, हळूहळू होते. आम्ही पंधरा दिवस वाळू दिला. मग आतून ताक, गूळ, मीठ आणि वाटलेला पालक ह्यांचा लेप दिला. पहिल्या दिवशी मूठभर कोळशाची मंद आच तासभर, दुसऱ्या दिवशी दुप्पट, तिसऱ्या दिवशी पुरी. पहिल्या दिवशी तोंडातून वाफ निघत होती. ती मातीतली उरलेली ओल. ती वाफ दिसत असताना आच वाढवली तर आत कोंडलेले पाणी भिंतीचे टवके उडवते. केसासारख्या बारीक चिरा मात्र पडतातच, त्यांना घाबरू नये. ज्या चिरेत नख जाते ती ओल्या मातीने लिंपावी.

पाच वाजता काडी, सव्वासहाला रोटी

आता गेल्या भाऊबीजेचा हिशेब मांडते. जेवायला नऊ माणसे होती आणि अठरा रोट्या करायच्या होत्या.

कोळसा तीन किलो, बाभळीचा. दगडी कोळसा चालत नाही, त्याचा गंधकाचा वास रोटीला लागतो. लाकडी कोळसा चांगला वाळलेला हवा. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखण वाजला पाहिजे. ओलसर कोळसा तडतडतो आणि ठिणग्या उडवतो. पेटवायला रॉकेल मुळीच घेऊ नका, तो वास मातीत मुरतो. आमच्याकडे तुराट्या मुबलक. तळाशी दोन गोवऱ्यांचे तुकडे, त्यावर तुराट्यांची मूठ, त्यावर अर्धा कोळसा, आणि खालचे भोक पूर्ण उघडे.

पाच वाजता काडी लावली. पाच-दहाला तुराट्यांच्या ज्वाळा तोंडापर्यंत आल्या आणि भिंत आतून काजळीने काळी झाली. पाच-पंधराला उरलेला कोळसा टाकला. साडेपाचला सगळे निखारे लाल, पण भिंत अजून काळीच. ही काळी भिंत म्हणजे 'थांबा' अशी पाटी समजावी. पुढे पावणेसहाच्या सुमाराला एक गंमत दिसली, आणि ती नेहमीच दिसते. तळाकडून काजळी नाहीशी होऊ लागली. काळ्याच्या जागी राखाडी-पांढरी माती दिसू लागली आणि तो पांढरा पट्टा हळूहळू वर चढला. काजळी म्हणजे कोळशाचीच भुकटी. भिंत पुरेशी तापली की ती जळून जाते. सहाच्या ठोक्याला पोटाचा सगळा भाग स्वच्छ झाला. भाच्याने कारखान्यातली पिस्तुलासारखी तापमापी आणली होती, तिने भिंत साडेतीनशे अंशांच्या वर दाखवली.

एवढ्या तापावर रोटी लावायची नाही. ती लावताक्षणी करपते. सहा वाजता निखारे सळईने पसरून मध्ये खळगा केला, वर राखेचा पातळ थर येऊ दिला, खालचे भोक तीन हिस्से बंद केले आणि तोंडावर झाकण ठेवले. पंधरा मिनिटे भिंत मुरू दिली. तळ, पोट आणि गळा ह्यांतला फरक ह्या वेळात कमी होतो आणि उष्णता भिंतीत आतवर जाते. सहा-पंधराला भिंत दोनशे ऐंशीच्या आसपास होती. अडीचशे ते तीनशे ही रोटीची जागा.

तापमापी नसली तरी अडत नाही. मिठाच्या पाण्याचा हबका भिंतीवर मारा. पाणी ओघळून खाली गेले तर भिंत थंड आहे. चर्रर्र होऊन जिथल्या तिथे आटले आणि मिठाचा पांढरा ठिपका राहिला, तर वेळ झाली. ह्या पाण्याने भिंतीवरची राखही निघते, आणि राखेवर कणीक धरत नाही. पण हबकाच मारायचा, तांब्या ओतायचा नाही. तापल्या मातीवर भरपूर पाणी पडले की भिंत तडकते.

सव्वा मिनिटाचा खेळ

कणीक मी काडी लावल्यावर भिजवली, म्हणजे तंदूर तापेतो ती मुरते. एक किलो गव्हाचे पीठ, साधारण सव्वासहाशे मिलिलिटर पाणी, तीन लहान चमचे मीठ. पोळीच्या कणकेहून किंचित सैल. तेल-तूप आत नको आणि बाहेरून तर नकोच, तुपकट पाठ भिंत धरीत नाही. लिंबापेक्षा मोठे, नव्वद ग्रॅमचे अठरा गोळे झाले.

इथे कुणी विचारील, ज्वारीची का नाही? ज्वारीत गव्हासारखा चीक नाही. भाकरी तव्यावर आडवी असते म्हणून निभते. उभ्या भिंतीवर ती आपल्याच वजनाने तुटून निखाऱ्यांत पडेल. चीक रोटीला धरून ठेवतो, भिंत नव्हे.

गोळा हातावर थापून वीतभर रोटी करायची आणि तिची पाठ पाण्याने ओलसर करायची. जुन्या वाकळीच्या कापडाची उशीसारखी गादी शिवून घ्या. तिच्यावर रोटी कोरड्या बाजूने पसरा, हात आत घाला आणि भिंतीवर एकदाच, ठामपणे दाबा. ओल्या पाठीतले पाणी वाफ होते, पिठाचा खळीसारखा गोंद बनतो आणि रोटी चिकटते. पाठ भाजून कोरडी झाली की तोच गोंद सुटतो. म्हणून शिजलेली रोटी सहज निघते आणि कच्ची ओढावी लागते. हाताला सुती, कोपरापर्यंतची बाही असावी. पदर खोचलेला, केस बांधलेले, आणि धातूच्या बांगड्या काढून ठेवलेल्या. त्या आत तापून चटका देतात. नायलॉनची साडी नेसून तंदुराजवळ फिरकू नये.

माझ्या तंदुरात एका वेळी तीन रोट्या बसतात. मनाशी अंक मोजा. वीसपर्यंत रोटीवर बारीक फोड येतात. चाळीसपर्यंत ती जागोजागी फुगते. साठला फोडांची टोके तांबूस होतात. पंच्याहत्तरला कडा भिंतीपासून उचलू लागते. तेव्हा एका सळईने खरवडून दुसरीच्या आकड्याने उचलायची. तीन रोट्या निघाल्या की दोन मिनिटे झाकण ठेवायचे, कारण ओल्या कणकेने भिंतीच्या त्या जागेचा उष्मा ओढलेला असतो. अशा सहा खेपा, एकेक सुमारे चार मिनिटांची. सहा-चाळीसला अठरावी रोटी टोपलीत आली. ह्याहून जास्त करायच्या असतील तर पंधराव्या रोटीला अर्धा किलो कोळसा टाकून दहा मिनिटे पुन्हा थांबावे लागते.

पहिली रोटी मात्र नेहमी एकटी लावावी. ती परीक्षेची. तिची पाठ भिंतीबद्दल बोलते आणि तोंड निखाऱ्यांबद्दल. पाठ पांढरी आणि तोंड करपलेले असेल तर भिंत कच्ची आहे, घाई झाली. निखाऱ्यांवर राख ओढा, झाकण ठेवा आणि पंधरा मिनिटे थांबा. पाठ काळी आणि तोंड कच्चे असेल तर भिंत अती तापली आहे. झाकण काढून पाच मिनिटे उघडी ठेवा, एक हबका मारा, आणि निखाऱ्यांवरची राख थोडी झटका. दोन्ही बाजू फिक्या राहून रोटी घसरू लागली तर कोळसाच कमी पडला. त्याला थांबण्याचे औषध नाही, कोळसा घालावा लागतो.

मामंजींचे दात

हे सेकंद मी इतक्या काटेकोरपणे का मोजते, ह्याचे कारण आमचे मामंजी. वय ऐंशीच्या पुढे, पुढचे चार दात शिल्लक. मागे एका लग्नात त्यांच्या ताटात तंदूरची रोटी पडली होती. ती बराच वेळ आधी करून ठेवलेली, चामड्यासारखी. त्यांनी ती दोन्ही हातांनी ओढून पाहिली, बाजूला ठेवली आणि घरी येऊन दुधात भाकरी कुस्करून खाल्ली. परसात तंदूर बसला तेव्हा ते एवढेच म्हणाले, 'सूनबाई, माझ्यापुरती भाकरी कर म्हणजे झालं.'

लोकांना वाटते की मंद आचेवर रोटी मऊ होते. तंदुरात नेमके उलटे आहे. भिंत दोनशेवर असली तर रोटीला रंग यायला तीन मिनिटे लागतात. त्या तीन मिनिटांत तिच्यातले पाणी उडून जाते आणि ती बिस्किटासारखी वाळते. भिंत दोनशे ऐंशीवर असेल तर सव्वा मिनिटात बाहेरचा पापुद्रा भाजतो आणि पाणी आतच राहते. म्हणजे मऊपणा कणकेत जितका, तितकाच भिंतीच्या तापात. पण तीच मऊ रोटी उघडी ठेवली तर दहा मिनिटांत वातड होते. काढल्याबरोबर तुपाचा हात फिरवून कापडात गुंडाळायची आणि वाढायची.

भाऊबीजेला मामंजींसाठी मी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे भाकरी केलीच होती. शेजारी एक रोटी ठेवली, साठाव्या अंकालाच काढलेली, तुपात निथळणारी. त्यांनी एका हाताने तिचा तुकडा मोडला. तो मोडला, ओढावा लागला नाही, हे मी दुरून पाहिले. मग आमटीत बुडवून दुसरा, तिसरा. भाकरी टोपलीत तशीच राहिली. 'बरी आहे' एवढाच शेरा मिळाला, आणि आमच्या घरात त्याहून मोठी पदवी नाही.

निखारे विझेपर्यंत

आता शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. लाल निखाऱ्यांतून धूर येत नाही, म्हणून पुष्कळांना ते निरुपद्रवी वाटतात. त्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला ना वास, ना रंग. बंद खोलीत तो साचला की डोके दुखते, मळमळते, झापड येते आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. दिवाळीनंतर थंडी पडते, तंदूर ऊबदार असतो, आणि 'निखारे पाटीत भरून खोलीत ठेवू' असा मोह होतो. तो कधीही करू नये. खिडकी किलकिली ठेवून भागत नाही. तंदूर उघड्या अंगणात किंवा मोकळ्या गच्चीतच हवा; बंदिस्त गॅलरीत, स्वयंपाकघरात नव्हे. आणि डोके जड झाल्यासारखे वाटले तर आधी मोकळ्या हवेत या, पेटलेल्या तंदुराची चिंता मागून करा. बरे वाटले नाही तर डॉक्टरांना निखाऱ्यांची गोष्ट आवर्जून सांगा.

रोट्या संपल्या की पाणी ओतून विझवू नका, भिंत जाईल. खालचे भोक आणि वरचे तोंड दोन्ही घट्ट बंद करा. हवा तुटली की निखारे आपोआप विझतात आणि सकाळी उरलेला कोळसा पुढच्या वेळेला कामी येतो. मात्र राखेखाली धग रात्रभर टिकते. सकाळी राख काढताना ती लोखंडी घमेल्यात काढा, प्लॅस्टिकच्या बादलीत नको, आणि मुलांचा हात तिथे जाऊ देऊ नका.

झाकण ठेवण्याआधी मी मात्र एक काम करते. भोके बंद केल्यावर निवत्या राखेत दोन वांगी आणि चार कांदे पुरून ठेवते. तासाभराने भरीत तयार असते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते भाकरीशी खायचे. भाकरीशीच, कारण शेवटी आम्ही धाराशिवचे!